तिचा प्रयोग संपल्यावर काय बोलायचं?

"आमच्याच कॉलेजमधली एक मुलगी मला आवडते. ती यंदाच्या एकांकिकेत काम करतेय. परवा भरतला पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी आहे. आमची ओळख आहे, पण हाय-बायपुरतीच. प्रयोगानंतर अभिनंदन करताना तिला जरासं कळावं असं वाटतं, पण चीप वाटायला नको. समोर जाऊन काय बोलू? की सरळ मेसेजच करू?"

दोन्ही कर, पण क्रम उलटा करू नकोस. आधी समोर जाऊन मिनिटभर बोल आणि मग रात्री एकच मेसेज कर. आधी मेसेज केलास तर समोर बोलायला काही उरणार नाही, आणि नुसताच मेसेज केलास तर त्या रात्री तिला येणाऱ्या पन्नास मेसेजमध्ये तुझाही एक असेल.

मी आधी स्पर्धांमधून कामं केली, मग काही वर्षं प्रकाशयोजना पाहिली आणि आता गेली बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवते. म्हणजे अशी अभिनंदनं मी स्वतः घेतलीयत, आणि विंगेत वायर गुंडाळता गुंडाळता दुसऱ्यांना मिळताना ऐकलीही आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा १९६३ पासून घेतेय. इतक्या वर्षांत भरत नाट्य मंदिराबाहेर तुझ्यासारखं घसा खाकरत उभं राहिलेलं कुणी नव्हतं, असं एकही वर्ष गेलं नसेल. त्यामुळे लाजू नकोस.

आधी पडदा पडल्यानंतर तिचं काय होतं ते समजून घे, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. प्रेक्षकांच्या दृष्टीने नाटक संपलेलं असतं, पण तिचं अजून संपलेलं नसतं. पुढच्या कॉलेजचा सेट दाराशी येऊन थांबलेला असतो, त्यामुळे यांना आपला सेट भराभर उचलायचा असतो. कुणीतरी "कंदील कुठाय, कंदील" म्हणून ओरडत असतं. भाड्याने आणलेलं सामान मोजून परत जायचं असतं. दिग्दर्शकाचा चेहरा बघून प्रयोग कसा झाला याचा अंदाज घ्यायचा असतो. मग रंगपटात जाऊन खोबरेल तेलाने मेकअप उतरवायचा. या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत कुणी काय बोललं ते नटाला नंतर आठवतच नाही. मी स्वतः एकदा एका मुलीला हसून थँक्यू म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं होतं, "अगं, तू आली होतीस का काल?"

म्हणून टाळ्या संपल्यासंपल्या आत धावू नकोस. रंगपटात तर मुळीच जाऊ नकोस. तिथे मुली कपडे बदलत असतात, कुणी रडत असतं आणि संघाबाहेरचं माणूस तिथे सगळ्यांनाच नको असतं. बाहेर थांब. कपाळावर केसांच्या कडेला थोडा पांढरा रंग राहिलाय, चेहरा तेलकट झालाय, खांद्याला बॅग आहे, अशी ती बाहेर येईल. ती तुझी वेळ. तोवर तिच्या डोक्यातला गोंगाट खाली बसलेला असतो आणि त्याच्या जागी एकच प्रश्न आलेला असतो: माझं काम दिसलं का?

'आवडलं का' हा तिचा प्रश्न नसतो, हे लक्षात घे. भारी झालं, कडक, जबरदस्त, अंगावर काटा आला, हे ती एव्हाना वीस जणांकडून ऐकून बसलेली असते. ज्यांना नाटक आवडलेलं नसतं तेही हेच म्हणतात, त्यामुळे नटाला यातलं काही लागत नाही. तू "मस्त काम केलंस" म्हणालास तर ती "थँक्यू रे" म्हणेल आणि तुझ्यामागे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघेल. संपलं.

तिच्यापर्यंत पोचायचं तर तिने केलेली एखादी बारीक गोष्ट तुला दिसली, एवढं तिला कळू दे. फ्लर्टिंग वेगळं करावं लागत नाही. स्टेजवर सहा माणसं असताना तू तासभर कुणाकडे बघत होतास, ते त्या एका नोंदीतून आपोआप सांगितलं जातं. कौतुक कितीही फुलवलंस तरी तेवढं सांगून होत नाही.

आता ती गोष्ट शोधायची कशी? ती बोलत असताना तिच्याकडे सगळेच बघतात. दुसरा बोलत असताना ती काय करते ते तू बघ. नटाची निम्मी मेहनत ऐकण्यात जाते, आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी काही म्हणत नाही. वाक्यांना हशा मिळतो, टाळी मिळते. समोरच्याचं ऐकता ऐकता हातातला कप खाली ठेवायचा राहून गेला, भावाचं नाव निघाल्यावर मान वळली नाही पण बोटं थांबली, एन्ट्री घेताना ती उंबऱ्यावर क्षणभर अडखळली, हे सगळं तालमीत वीस-वीस वेळा घासून बसवलेलं असतं आणि प्रेक्षागृहातून त्याची पोच येत नाही. असे दोन क्षण मनात धरून ठेव, एक सुरुवातीचा आणि एक शेवटाकडचा. दोन एवढ्यासाठी की एक तुझ्याआधी कुणी बोललं तर दुसरा हाताशी राहतो. नाटक चालू असताना मोबाइलमध्ये टिपून ठेवायला जाऊ नकोस. अंधारात स्क्रीनचा उजेड स्टेजवरून दिसतो.

बसायचं तर पहिल्या दोन रांगा सोड. तिथून नटाचे पाय आणि हनुवटी जास्त दिसते, आणि ओळखीचा चेहरा पुढ्यात दिसला की नवा नट बिचकतो. पाचव्या-सहाव्या रांगेच्या आसपास बस. "अरे आव्वाज कुणाचा" सुरू झालं की कॉलेजच्या नावाने हवा तेवढा घसा फोड, पण तिच्या एन्ट्रीला तिचं नाव घेऊन ओरडू नकोस, शिट्टीही मारू नकोस. तिने दोन महिने खपून जी बाई उभी केलीय, ती त्या एका हाकेने पुन्हा तुमच्या वर्गातली मुलगी होते. त्याचा राग दिग्दर्शकालाही येतो आणि तिलाही येतो. तिचा जास्त काळ टिकतो.

एक घडलेला प्रसंग सांगते. थोडे तपशील बदललेत, पण वाक्यं तीच आहेत.

आमच्या एका एकांकिकेत एक मुलगी मोठ्या बहिणीचं काम करत होती. घरात ती एकटीच आहे, वाळलेले कपडे घड्या घालतेय, आणि दवाखान्यातून फोन येणार आहे. ती टॉवेलाची घडी घालते, घडी संपते आणि फोन वाजतो, असं बसवलेलं होतं. प्रयोगात ध्वनीवाल्या मुलाचा लॅपटॉप ऐनवेळी अडकला. घडी घालून झाली, पण फोन वाजेना. मी वर लाइटच्या बोर्डवर होते, माझे हात गार पडले. तिने टॉवेल उलगडला, एकदा झटकला, कडा जुळवल्या आणि पुन्हा घडी घालायला घेतली, जणू पहिली घडी तिला पटलीच नव्हती. ती पुरी होता होता फोन वाजला. प्रेक्षागृहात कुणाला कळलंही नाही. उलट ती अस्वस्थता इतकी खरी वाटली की पुढच्या प्रयोगापासून आम्ही दोन घड्या कायमच्या ठेवल्या.

प्रयोगानंतर ती बाहेर आली तेव्हा मी शेजारीच वायरींचं बोचकं घेऊन टेम्पोची वाट बघत होते. तिच्या शेजारच्या विभागातला एक मुलगा आला. त्यांची ओळख तुझ्याइतकीच असावी. तो म्हणाला, "फोन वाजायला उशीर झाला ना? तू टॉवेलाची दुसरी घडी घातलीस."

ती एकदम थांबली. "तुला कळलं?"

"पहिली घडी एवढी नीट बसली होती की परत उलगडायचं काही कारणच नव्हतं. पण तिसरी घातली असतीस तरी मी बघत बसलो असतो."

ती हसली आणि म्हणाली, "माझ्या घशाला कोरड पडली होती माहितीय." त्याने खिशातून खडीसाखरेची पुडी काढून दिली, "चल, तुम्हाला सामान भरायचं असेल" म्हणाला आणि निघाला. दीड मिनिटही लागलं नाही. जाताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हा कोण होता हो?" तिला तो चांगला माहीत होता. विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

आता यात कशाने काम झालं बघ. पहिल्या वाक्यात कौतुकाचा एकही शब्द नाही, नुसती नोंद आहे. ती तिच्या कामाची आहे आणि डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्यालाच जमेल अशी आहे. दुसऱ्या वाक्याचा शेवटचा अर्धा भाग फ्लर्ट आहे, तो तेवढाच आहे आणि तो स्वतःकडे वळतो: 'मी बघत बसलो असतो.' 'तू किती सुंदर दिसतेस'मध्ये ओझं तिच्यावर येतं. लाजायचं, नाकारायचं की थँक्यू म्हणायचं, हे तिला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. 'मी बघत बसलो असतो'वर तिने काहीच ठरवायची गरज नाही. आवडलं तर ती हसेल, नाही आवडलं तर घशाच्या कोरडीवर बोलेल आणि दोघांचीही लाज शाबूत राहील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो आपणहून निघाला.

खडीसाखर मला फार आवडली होती, हे कबूल करते. गुच्छ आणू नकोस. तिच्या एका हातात बॅग असते, दुसऱ्या हातात कुणाची तरी ट्रंक असते, आणि गुच्छ दिसला की संघातली दहा कार्टी एकदम "ओ हो हो" करतात. मग तिला तुझ्याकडे बघण्याऐवजी त्यांना गप्प करावं लागतं. पुडी मात्र मुठीत मावते.

हेच वाक्य उचलून परवा वापरायला जाऊ नकोस, तिच्या नाटकात टॉवेल नसेल. घाट मात्र हाच ठेव: तिने केलेली एक गोष्ट, आणि तिच्या शेपटाला स्वतःवर घेतलेला अर्धा विनोद. समजा ती आजीचं काम करतेय आणि बसताना दर वेळी आधी हाताने खुर्ची चाचपते. मग "बसायच्या आधी तू खुर्ची चाचपत होतीस ना, मला तर प्रत्येक वेळी उठून हात द्यावासा वाटत होता" एवढं पुरे. समजा तिचं काम तीन मिनिटांचं आहे आणि ती पोस्टमनला दार उघडते. तर "तू दार लावून घेतलंस, त्यानंतरची दहा मिनिटं मी दाराकडेच बघत होतो, परत उघडेल म्हणून." छोट्या भूमिकेला ही दाद जास्त लागते, कारण मुख्य भूमिका करणाऱ्यांभोवती गर्दी असते आणि दार उघडणाऱ्या मुलीजवळ बहुतेकदा तिची आईच उभी असते. आई असेल तर आधी आईला नमस्कार कर, नोंद तेवढी सांग आणि शेपूट गिळून टाक. ते रात्रीच्या मेसेजला कामी येईल.

काही वाक्यं मात्र तोंडातच ठेव. "साडीत काय दिसत होतीस!" हे त्यातलं पहिलं. मी वीस वर्षांची असताना साठीच्या विधवेचं काम केलं होतं, चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवून आणि केसांना पांढरं फासून. ते उतरवून बाहेर आले तर एकाने हे वाक्य टाकलं. दोन महिन्यांची मेहनत त्याने चार शब्दांत निकालात काढली. त्याच संध्याकाळी दुसरा एकजण म्हणाला होता, "तू जिना चढताना कठड्याला हात लावलास, पण धरला नाहीस. माझी आजी तसंच करते." त्याच्याशी पुढे काही झालं नाही, पण त्याचं वाक्य अजून आठवतं.

"तुझ्याशिवाय नाटकात काही नव्हतंच" हेही नको. ऐकायला गोड आहे, पण तिच्या मागे उभे असलेले सगळे तिचे लोक आहेत. दोन महिने एकत्र वडापाव खाल्लाय त्यांनी. तू त्यांना खाली पाडलंस की तिला त्यांची बाजू घ्यावी लागते. नाटकात तिचा प्रेमप्रसंग असेल तर त्याच्याबद्दल चकार शब्द काढू नकोस, गमतीनेही नको. समोरच्या नटाचा हेवा वाटला असं सुचवणारा प्रत्येक मुलगा आपण पहिलेच आहोत असं समजतो. आणि फंबल झालं असेल, वाक्य पडलं असेल, तर "कळलंच नाही गं" असं आपणहून सांगू नकोस. कळलं म्हणूनच तर सांगतोयस. टॉवेलची गोष्ट वेगळी होती, कारण तिथे चूक दुसऱ्याची होती आणि तिने ती सावरली होती.

ती काय उत्तर देते ते ऐक. "तुला कळलं?", "अरे, ते ना आम्ही शेवटच्या आठवड्यात बसवलं," असं म्हणून ती आपणहून पुढे सांगायला लागली, तर दार उघडं आहे. मग एखादा प्रश्न विचार आणि ऐक. "थँक्यू थँक्यू" म्हणत तिची नजर दुसरीकडे गेली, तर ती कदाचित नुसती थकलेली असेल; वाईट वाटून घेऊ नकोस, पण थांबूही नकोस. आणि "थँक्यू दादा" म्हणाली तर मराठी मुलीने जे सांगायचं ते सांगून टाकलंय. हसून "पुढच्या फेरीला शुभेच्छा" म्हण आणि मित्रांबरोबर चहाला जा. मग रात्रीचा मेसेजही नको.

मेसेज करायचा तर त्याच रात्री कर, पण लगेच नको. संघ आधी कुठेतरी खायला जातो, मग सामान पोचवतो, मग घरी जाऊन आडवं पडल्यावर फोन हातात येतो. साडेदहा-अकराच्या सुमाराला दोन ओळी टाक. समोर बोललास तेच परत लिहू नकोस, राखून ठेवलेला दुसरा क्षण आता वापर. उदाहरणार्थ: "एक सांगायचं राहिलं. शेवटी दिवा मालवायच्या आधी तू त्याच्याकडे एकदा वळून बघितलंस, ते मला घरी येईपर्यंत पुरलं. आता झोप, उद्या कॉलेजमध्ये कुणी उठवायला येणार नाही." यात कुठेही प्रश्न नाही, हे मुद्दाम आहे. उत्तर द्यायलाच हवं असं काही त्यात नाही, त्यामुळे उत्तर आलं तर ते तिला द्यावंसं वाटलं म्हणून आलेलं असेल. नुसता बदाम किंवा हात जोडलेले आले तर विषय तिथेच ठेव. ओळींच्या बदल्यात ओळी आल्या तर एक-दोन फेऱ्या बोल आणि ती थकलीय हे लक्षात ठेवून तूच आधी शुभरात्री म्हण. तिचा फोटो स्टोरीला टाकून टॅग वगैरे करू नकोस. समोर बोललेलं दोघांतलं असतं, स्टोरीवरचं सगळ्या कॉलेजचं होतं.

निकालाचं थोडं वेगळं सांगते. प्रयोग आणि निकाल या दोन वेगळ्या रात्री समज. संघ अंतिम फेरीत गेला किंवा तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं, तर ती आनंदाने कुणाच्याही गळ्यात पडत असते. त्या मिठीचा अर्थ लावत बसू नकोस. तेव्हा नुसतं "मी सांगितलं होतं ना, ती खुर्ची!" म्हण. आधीची नोंद परत वर काढलीस की ती तुम्हा दोघांची खूण होते. आणि संघ बाहेर पडला तर त्या रात्री फ्लर्टिंग पूर्ण बंद. "माझ्यासाठी तूच पहिली" हे वाक्य जिभेवर येईल, येऊ दे आणि परत जाऊ दे. दोन महिने जीव टाकून हरलेल्या माणसाला त्या क्षणी तुझ्या मनात आपण कितवे आहोत याच्याशी काही देणंघेणं नसतं. परीक्षकांना शिव्या घालण्यातही पुढाकार घेऊ नकोस, ते काम तिचा संघ पहाटेपर्यंत करेल. २०२२ मध्ये तर एकही एकांकिका पात्र वाटली नाही म्हणून परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता, त्यावर कितीतरी दिवस सगळीकडे वाद चालला होता. तेव्हा नुसतं "वाईट वाटलं. चहा?" एवढं विचार. ती नाही म्हणाली तर "बरं" म्हण. दोन-तीन दिवसांनी ती कँटीनमध्ये एकटी दिसली की मग त्या खुर्चीबद्दल बोल. हरलेल्या नाटकातलं आपलं काम कुणाला तरी अजून आठवतंय हे तेव्हा ऐकायला मिळणं, याची किंमत तिला बरोबर कळते.

परवा अर्धा तास आधी पोच, खडीसाखर आजच घेऊन ठेव. आणि तिसरी घंटा व्हायच्या आत मोबाइल बंद कर. व्हायब्रेटवर नाही, बंद. तिच्या पॉजमध्ये तुझ्या खिशात काही घुरघुरलं, तर बाहेर येऊन ती आधी तेच विचारेल की ते कार्टं कोण होतं.